रेडिमेड ब्लाऊज: छाती ३९ असेल तर ३८ नंबर घ्यावा की ४०? आणि "४२ पर्यंत वाढतो" म्हणजे नक्की किती?

तापीकाठची
आखाजीला माहेरी जायचंय आणि त्याच आठवड्यात चुलत बहिणीची हळद आहे. आमच्या शिरपूरला सध्या लग्नसराईमुळे एकही टेलर नवीन ब्लाऊज शिवायला घेत नाहीये, सगळे म्हणतात आखाजीनंतर या. म्हणून रेडिमेड घ्यायचं ठरवलंय. रोजच्या साड्यांसाठी एक काळा सुती आणि हळदीच्या साडीवर एक ब्रोकेडचा.

अडचण नंबरची आहे. माझी छाती इंच टेपने ३९ भरते. दुकानात ३८ आणि ४०, मधलं काही नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, ३८ घ्या, आत माया आहे, ४२ पर्यंत वाढतो." जाऊबाई म्हणतात ४० घे आणि आवळून घे. ३८ चा सुती ब्लाऊज बदलून मिळेल या बोलीवर घरी आणलाय, अजून एक टाकाही उसवलेला नाही. हूक लागतात, पण हात वर केला की पुढे दोन हुकांच्या मधे फट पडते.

३८ हा आकडा माझ्या छातीचा की ब्लाऊजचा? आणि ४२ पर्यंत वाढतो हे खरं असतं का?

भुसावळ_एक्सप्रेस
नेहमी मोठा नंबर घ्यायचा आणि आवळून घ्यायचा. आवळायला कापड लागत नाही, वाढवायला लागतं. साधा हिशोब आहे. ४० घ्या आणि मोकळ्या व्हा. मी गेली कित्येक वर्षं असंच करते.

जळगाव_फुलेमार्केट
आमचं दुकानच ब्लाऊजचं आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगतो. ताई, नंबर दोन्ही प्रकारचे येतात. काही मालावर ३८ म्हणजे ३८ छातीच्या बाईला बसेल असा शिवलेला ब्लाऊज, तो मोजला तर ३९ किंवा साडेएकोणचाळीस भरतो. काही मालात ३८ म्हणजे शिवून झाल्यावर बरोबर ३८. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, चिठ्ठीवर काही लिहिलेलं नसतं. एकाच गठ्ठ्यातल्या दोन रंगांच्या ब्लाऊजमध्येसुद्धा अर्ध्या इंचाचा फरक निघतो, कारण कापडाचे थर एकावर एक ठेवून मशीनने कापतात आणि वरच्या-खालच्या थरात थोडं सरकतं. त्यामुळे चिठ्ठी वाचून घेऊ नका, ब्लाऊज मोजून घ्या.

"४२ पर्यंत" हे आम्हाला वरून सांगून येतं. प्रत्येक तुकड्यात तेवढं निघेलच असं मी स्वतः गिऱ्हाईकाला सांगत नाही.

खिरोद्याची_लेक
मी ३६ सी घालते, तर मला ब्लाऊज ३६ चाच घ्यायला हवा ना? मग तो इतका घट्ट का होतो? मला वाटायचं माल खराब आहे.

अमळनेर_शिलाईकाम
खिरोद्याच्या ताई, तो आकडा आतल्या कपड्याच्या पट्ट्याचा. त्याचा आणि ब्लाऊजच्या नंबराचा मेळ घालू नका. ३६ वर सी म्हणजे पट्ट्याच्या आकड्यावर साधारण तीन इंच, म्हणजे तुमची छाती ३९ च्या आसपास असणार. ३६ चा ब्लाऊज तुम्हाला होणारच नाही. माल खराब नाही, आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. टेप लावून बघा, लगेच कळेल.

आता तापीकाठच्या ताईंचं. मी अमळनेरला मशीनवर बसते आणि सराईत निम्मं काम रेडिमेड ब्लाऊज वाढवण्याचंच असतं. तुम्ही एक टाकाही उसवला नाही हे फार चांगलं केलं, कारण उसवलेला ब्लाऊज कुणी परत घेत नाही. आता तीन मापं घ्या. एक, छाती जिथे सगळ्यात भरलेली आहे तिथे, रोजचा आतला कपडा घालून, टेप पाठीवर खाली न सरकू देता. दुसरं, वरची छाती, म्हणजे टेप काखेखालून पण छातीच्या भराच्या वरून. तिसरं, ब्लाऊज जिथे संपतो तिथला घेर.

मग ब्लाऊजची हूक लावा, तो पलंगावर सपाट पसरा आणि काखेच्या शिलाईखाली एक इंचावर या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजा. त्याचं दुप्पट करा. मग तो उलटा करा आणि काखेच्या शिलाईपासून कापडाच्या कडेपर्यंत किती माया आहे ते बघा. वरच्या कापडाची वेगळी, अस्तराची वेगळी. हे सगळं इथे लिहा, मग बोलू. त्याआधी ३८ की ४० हे कुणीच सांगू शकत नाही.

नंदुरबारचा_भाऊ
बायकोला न सांगता घ्यायचाय, टेप लावता येत नाही. तिचा जुना बसणारा ब्लाऊज मोजला तर चालेल का? आणि तो मोजून ३९ आला तर नंबर ३९ मागायचा?

अमळनेर_शिलाईकाम
भाऊ, जुना ब्लाऊज मोजणं हे उलट जास्त खात्रीचं. सपाट पसरून काखेखाली मोजा आणि नव्याचंही तसंच मोजा, दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. नंबर मागूच नका, टेप घेऊन जा. फक्त जुना ब्लाऊज ताणणाऱ्या कापडाचा असेल तर त्यावरून सुती घेऊ नका. ताणणारं कापड अंगापेक्षा दोन इंच कमी मोजून भरलं तरी बसतं, सुती बसणार नाही.

तापीकाठची
मापं घेतली.
छाती ३९, वरची छाती ३६, खालचा घेर ३३.
ब्लाऊज सपाट १९ इंच, म्हणजे बरोबर ३८. खाली साडेसोळा, म्हणजे ३३.
आतून काखेशी दोन शिलाया आहेत, एक आतली आणि तिच्या बाहेर अर्ध्या इंचावर दुसरी. आतल्या शिलाईपासून वरच्या कापडाची माया सव्वा इंच आहे. अस्तराची मात्र पाऊण इंचच. वरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं ओव्हरलॉक केलेलं आहे.

भुसावळ_एक्सप्रेस
बघा, सव्वा इंच माया आहे म्हणजे सव्वा इंचच वाढेल. ३८ चा सव्वाएकोणचाळीस. तुम्हाला ३९ हवाय, बसला की!

अमळनेर_शिलाईकाम
ताई, तसं नाही. काखेच्या एका शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन थर असतात, आणि अशा शिलाया दोन. म्हणजे चार ठिकाणी कापड सुटतं. प्रत्येक थरातून अर्धा इंच सोडला की घेर पूर्ण दोन इंच वाढतो. आतली शिलाई दोन्ही बाजूंनी उसवली आणि बाहेरची तशीच ठेवली की ३८ चा ४० होतो. दुसरी शिलाई मारून ठेवलेली असते ती यासाठीच.

पण सगळी माया सोडता येत नाही. शिलाईच्या बाहेर कापड उरलं पाहिजे, नाहीतर घातल्यावर धागे निघून शिलाई फाटते. मी कमीत कमी तीन सूत ठेवते, म्हणजे इंचाचे आठ भाग केले तर त्यातले तीन. तुमच्या वरच्या कापडाची माया दहा सूत आहे. त्यातून सात सूत सुटू शकतात, चार थरांचे अठ्ठावीस, म्हणजे साडेतीन इंच. नुसत्या वरच्या कापडाचा विचार केला तर ब्लाऊज साडेएक्केचाळीसपर्यंत जातो. दुकानदाराचं "४२" इथून येतं, तो वरचं कापड बघूनच बोलतो.

अडतं अस्तरावर. अस्तराची माया सहा सूतच. तीन सूत राखले की प्रत्येक थरातून तीनच सुटतात, चार थरांचे बारा, म्हणजे दीड इंच. ब्लाऊज साडेएकोणचाळीस होईल. बाहेरच्या तयार शिलाईपर्यंत गेलात तर ४० होतो, पण अस्तर शिलाईच्या बाहेर दोनच सूत उरतं. ओव्हरलॉक आहे म्हणून रोजच्या सुती ब्लाऊजला मी ते चालवून घेईन. ब्रोकेडला नाही, त्याचे धागे पटकन सुटतात.

ज्यात माया कमी त्यावर सगळं ठरतं. म्हणून दुकानात ब्लाऊज उलटा करून आधी अस्तर बघायचं.

जळगाव_फुलेमार्केट
हे खरं आहे. अस्तर स्वस्त पडावं म्हणून ते कमी रुंद कापतात. गिऱ्हाईक वरचंच कापड बोटाने चाचपतं.

चाळीसगावची_काकू
अस्तर कमी पडलं तर त्याला पट्टी जोडता येते. आमच्या वेळी पोलक्याला सर्रास जोडायचो. काखेत कोण बघतंय?

अमळनेर_शिलाईकाम
काकू, बरोबर आहे, जोडता येतं, आणि मग हा ब्लाऊज साडेएक्केचाळीसपर्यंत जाईल. पण काखेत आधीच मुंढ्याची शिलाई, बाहीची शिलाई आणि त्यावर ओव्हरलॉक असतं. त्यात जोडाची एक शिलाई वाढली की मे महिन्यातल्या घामात तिथे कातडी सोलते. मोठा जाडसर जोड असेल तर मी गिऱ्हाईकाला नको सांगते.

खिरोद्याची_लेक
मग ३९ छातीला ब्लाऊज मोजून ३९ च हवा ना? तुम्ही ४० का म्हणताय?

अमळनेर_शिलाईकाम
ताई, छाती ३९ आणि ब्लाऊजही ३९ असेल तर श्वास घेताना, वाकताना, मूल उचलताना कापडाला सरकायला जागाच राहत नाही. न ताणणाऱ्या कापडाला छातीपेक्षा एक इंच तरी जास्त लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी दीड धरते, कारण घामाने अंगाला चिकटलेलं सुती कापड पुढे-मागे होत नाही. तापीकाठच्या ताईंना हात वर केल्यावर हुकांत फट दिसते ती याचमुळे, ३९ वर ३८ चढवलाय. त्यांना ४० हवा, साडेचाळीस असला तर उत्तम. नुसता दीड इंच सोडून साडेएकोणचाळीस केला तर बसेल, पण बसताना जाणवेल.

भुसावळ_एक्सप्रेस
मग मी तेच म्हणाले होते ना, ४० च घ्या. ४० मोजून ४० भरतो, काही उसवायला नको, काही जोडायला नको.

अमळनेर_शिलाईकाम
तुमच्या बाबतीत ते चालत असेल, कारण तुमची वरची छाती आणि भराची छाती यांत कदाचित फार अंतर नसेल. या ताईंचं वरचं माप ३६ आणि भराचं ३९ आहे. तीन इंचाचं अंतर. याचा अर्थ खांदे, पाठ आणि गळा यांची बांधणी लहान नंबराची आहे, फक्त छातीचा भर जास्त आहे. ४० नंबरमध्ये नुसती छाती वाढलेली नसते. खांदा रुंद होतो, गळा पसरतो, मुंढा खोल होतो. काखेतून तुम्ही कितीही आवळा, खांदा तिथेच राहतो. मग खांदा उतरतो, गळा पुढे उघडतो आणि आतल्या पट्ट्या दिसतात. खांदा नीट करायचा तर बाही काढावी लागते, मुंढा नव्याने कापावा लागतो. ते काम शिवण्याइतकंच असतं आणि सराईत ते कुणी करून देणार नाही.

आणखी एक. काखेतून दोन इंचांपेक्षा जास्त आवळलं की टक्स बाजूला ओढले जातात. टक्सचं टोक जिथे भर आहे तिथे न राहता काखेकडे सरकतं, आणि पुढे आडव्या सुरकुत्या येतात. त्या सुरकुत्या दिसल्या की समजायचं, आवळणं जास्त झालं.

म्हणून ज्यांचं वरचं माप भराच्या मापापेक्षा दोन इंचांहून जास्त कमी आहे त्यांनी खांद्याला बसणारा नंबर घ्यावा आणि छाती मायेतून वाढवावी. अंतर कमी असेल तर मोठा नंबर घेऊन आवळणं ठीक.

साक्री_रोड
मी शिवणाच्या वर्गाला जायचे तेव्हा आम्हाला सांगायचे की वाढवताना चारही थरांतून सारखंच सोडायचं, नाहीतर शिलाई तिरकी दिसते. पण या ताईंना तर पुढेच जास्त हवंय. अर्धं कापड पाठीला गेलं तर पाठ ढगळ होणार आणि पुढची फट तशीच राहणार, नाही का?

अमळनेर_शिलाईकाम
हा खरा मुद्दा आहे. सारखं सोडलं तर निम्मं पाठीला जातं. मी अशा वेळी पुढच्या थरातून चार सूत आणि मागच्यातून दोन सोडते. बेरीज तीच येते, दोन्ही बाजूंचे मिळून बारा सूत, म्हणजे दीड इंच, पण त्यातला पूर्ण इंच पुढे मिळतो आणि पाठीला अर्धाच. शिलाई किंचित मागे सरकते, साडीखाली ते दिसत नाही. मात्र बाहीतही तसंच उतरवत न्यावं लागतं, नाहीतर काखेत दोन्ही शिलाया एकमेकींसमोर येत नाहीत. आणि पुढच्या अस्तराला दोनच सूत उरतात, त्यामुळे हे सुती आणि ओव्हरलॉक केलेल्या ब्लाऊजलाच.

साक्री_रोड
मला ते अजून पटत नाही. शिलाई मागे सरकली की बाही पुढे फिरते, हात पुढे नेताना दंडावर ओढ येते. आमच्या मॅडम म्हणायच्या, पुढे कमी पडत असेल तर टक्सची रुंदी थोडी कमी करा, माया सारखीच सोडा.

अमळनेर_शिलाईकाम
टक्स कमी केला की सपाट रुंदी वाढते पण खोलगटपणा कमी होतो. भर जास्त असलेल्या बाईला खोलगटपणाच जास्त लागतो. दोन सुतांचा फरक असेल तर बाही फिरलेली मला आजवर जाणवलेली नाही. त्याहून जास्त फरक करत असाल तर तुमचं म्हणणं खरं.

तापीकाठची
म्हणजे ३८ च ठेवावा असं दिसतंय. पण काखेतून वाढवलं तर बाही घट्टच राहील का? दंडात आत्ताच जरा कमी आहे.

अमळनेर_शिलाईकाम
ते बाही कशी लावलीय त्यावर. ब्लाऊज उलटा धरा आणि काखेतली शिलाई बघा. कमरेपासून निघालेली शिलाई न थांबता काखेतून बाहीच्या टोकापर्यंत एकाच रेषेत जात असेल, तर बाही आधी सपाट जोडून मग बाजू बंद केलीय. अशा ब्लाऊजला ती एकच शिलाई उसवली की छातीबरोबर दंडालाही जागा मिळते. एका बाहीत दोन थर, प्रत्येकी चार सूत सोडले तर दंडाचा घेर एक इंच वाढतो. पण बाहीतही तेवढीच माया आहे का ते बघा. बऱ्याचदा अंगाला माया ठेवतात आणि बाहीशी येता येता ती निमुळती करत संपवतात.

दुसरा प्रकार म्हणजे बाही आधी गोल शिवून नंतर मुंढ्यात बसवलेली. तिथे मुंढ्याची शिलाई काखेत सलग फिरते आणि बाजूची शिलाई तिच्याशी येऊन थांबते. अशा ब्लाऊजला छाती वाढवायची तर काखेपाशी बाही चार-पाच इंच उसवून परत बसवावी लागते. घरी करू नका.

तापीकाठची
एकाच रेषेत जातेय. बाहीत अस्तर नाही, आणि टोकाशी माया पाऊण इंच आहे.

अमळनेर_शिलाईकाम
मग तुमचं नशीब चांगलं. हा ब्लाऊज ठेवा.

उसवताना आतली शिलाई उसवायची, अंगाला लागून असते ती. घाईत बाहेरची उसवली तर काहीच फरक पडत नाही आणि आधार मात्र जातो. दोरा ओढून उसवू नका, सुती कापडाला भोक पडतं. प्रत्येक तीन-चार टाक्यांनी एक टाका कापा, मग दोरा आपोआप सुटतो. एक बाजू पूर्ण झाल्यावर घालून बघा, मग दुसरी.

बाहेरची शिलाई खालपर्यंत समांतर गेलेली असते. तिच्यावर आलात की छाती ४० होईल पण खालचा घेरही ३३ वरून ३५ होईल, आणि तुमचं खालचं माप ३३ च आहे. ब्लाऊज खाली उचलला जाईल. म्हणून काखेपासून बाहेरच्या शिलाईवर यायचं आणि तिथून खाली येताना हळूहळू जुन्या शिलाईच्या रेषेकडे वळायचं. म्हणजे आतली शिलाई खालच्या तीन इंचांत तशीच ठेवायची, तिच्या वरूनच उसवायची, आणि दोन्ही शिलायांना जोडणारी एक तिरकी टीप मशीनवर मारून घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे. शिरपूरला कुणी नवीन शिवून देत नसलं तरी एवढी टीप कुणीही मारून देईल.

चाळीसगावची_काकू
आणि उसवण्याआधी एकदा पाण्यातून काढ वं. नवा सुती ब्लाऊज पहिल्या धुण्याला आटतो. ४० करून मग आटला तर परत साडेएकोणचाळीस.

जळगाव_फुलेमार्केट
काकू, धुतला तर आम्ही परत घेत नाही, हे ताईंनी ध्यानात ठेवावं. आधी ठेवायचा हे नक्की करा, मग पाण्यात टाका. बाकी काकूंचं बरोबर, सुती माल आटतो, काळ्याचा रंगही पहिल्या धुण्याला सुटतो. वेगळा धुवा.

शहादा_पपई
काळ्या सुतीला जुन्या शिलाईची रेघ दिसते का उसवल्यावर? माझ्या मरून रेशमी ब्लाऊजला काखेत सुईच्या छिद्रांची ओळ कायम राहिली.

अमळनेर_शिलाईकाम
नव्या सुतीला दिसत नाही. पाण्याचा हात लावून इस्त्री फिरवली की छिद्रं मिटतात. खूप धुतलेल्या सुतीला मात्र रेघ दिसते, कारण मायेतलं कापड रंगाने गडद राहिलेलं असतं. रेशमाला, ब्रोकेडला आणि टिश्यूला सुईचं छिद्र बहुतेक राहतंच, कारण सुईने धागा बाजूला न सरकता तुटतो. म्हणून ब्रोकेडचा ब्लाऊज वाढवायच्या हिशोबाने घेऊच नये. तो घेतानाच मापाचा असावा.

तापीकाठची
ब्रोकेडचंच तर विचारायचं होतं. दुकानात एक ४० चा प्रिन्सेस कट बघितलाय, मोजून ४० भरतो. कपही शिवलेले आहेत. खांदा मला मोठा होईल का?

अमळनेर_शिलाईकाम
प्रिन्सेस कटला घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. त्यात टक्स नसतात, खांद्यातून किंवा मुंढ्यातून निघालेली शिलाई थेट छातीच्या भरावरून खाली जाते, आणि त्या शिलाईत माया जेमतेम दोन-तीन सुतांची असते. काखेतून सोडलं तरी ती शिलाई तिथेच राहते. वर शिवलेला कप. तोही हलत नाही. कपचा सगळ्यात फुगीर भाग आणि तुमचा भर एका जागी येत नसेल तर छातीचा आकडा बरोबर असूनही ब्लाऊज चुकीचा. कप काढून टाकता येतो, मग थोडी जागाही मिळते, पण शिलाईची रेषा बदलत नाही.

घातल्यावर दोन गोष्टी बघा. ती उभी शिलाई भराच्या मधून जाते की बाहेरून. आणि दोन्ही हात पुढे करून बघा, खांदा बाहीवर उतरतो का. खांदा अर्धा इंच उतरत असेल तर गळ्याच्या मागे नाडी लावून तो थोडा ओढून धरता येतो. त्याहून जास्त असेल तर राहू द्या.

नंदुरबारचा_भाऊ
बायकोचा जुना ब्लाऊज सपाट साडेअठरा भरला. म्हणजे ३७. मग ३६ घेऊ का ३८?

जळगाव_फुलेमार्केट
भाऊ, दुकानात ३६ चे दोन-तीन वेगवेगळ्या मालाचे काढायला लावा आणि सगळे मोजा. ज्या मालात नंबर छातीचा धरलेला असतो त्यातला ३६ मोजून ३७ भरतोच. तो सरळ उचला, वाढवणं नाही, आवळणं नाही.

अमळनेर_शिलाईकाम
आणि खांद्याचंही माप घेऊन जा, या खांद्याच्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाठीवरून.

तापीकाठची
काळा ब्लाऊज धुऊन, वाळवून मोजला. सपाट १९ चा पावणेएकोणीस झाला होता, म्हणजे साडेसदतीस. काकू, तुम्ही सांगितलं नसतं तर हे कळलंच नसतं. आतली शिलाई वरून उसवली, खालचे तीन इंच तसेच ठेवले आणि गल्लीतल्या एका ताईंकडून तिरकी टीप मारून घेतली. आता साडेएकोणचाळीस भरतो. हुकांतली फट जवळजवळ गेलीय, दंडालाही मोकळं वाटतंय. हात पूर्ण वर केला की मधल्या हुकाशी अजून जरासं ओढतं.

ब्रोकेडचा घालून बघितला. शिलाई भराच्या बाहेरून, काखेकडून जात होती आणि खांदा चांगलाच उतरत होता. नाही घेतला. त्याच दुकानात ३८ चा एक टक्सचा ब्रोकेड मिळाला, तो सपाट पावणेवीस भरतो, म्हणजे साडेएकोणचाळीस. अस्तर सुती आहे आणि त्याला मायाही एक इंच आहे, पण तुम्ही म्हणालात म्हणून उसवणार नाही.

साक्री_रोड
मधल्या हुकाशी ओढतंय म्हणजे पुढेच कमी पडतंय. मी म्हणत होते तसा टक्स एखादा सूत कमी करून बघा.

अमळनेर_शिलाईकाम
टक्सला हात लावू नका ताई, निदान आखाजीआधी. मधल्या हुकाच्या वर आणि खाली एकेक जास्तीचं हूक लावून घ्या, दोन हुकांतलं अंतर इंचभराच्या आत आलं की फट दिसत नाही. आणि समोरच्या लुप्सच्या पट्टीखाली त्याच रंगाच्या कापडाची दीड इंच रुंद पट्टी आतून टाचून टाका. सराई संपली की ब्लाऊज घेऊन अमळनेरला या, पुढचा थर वेगळा सोडून बघू. साक्री रोडच्या ताईंनाही वेळ असेल तर त्यांनीही यावं, बाही फिरते की नाही ते अंगावर घालूनच ठरेल.